चौसष्ट रुपये कुठून आले?

सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या टोकाला एक किराणा दुकान आहे असं समजा. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. दुकान आणि अण्णा कल्पनेतले आहेत, योजना आणि आकडे मात्र पोस्टाचे खरे आहेत. दिवाळीचा हंगाम बरा गेला, अडकलेली उधारी वसूल झाली आणि वर्षभर बाजूला टाकलेली रक्कम धरून अण्णांच्या हातात २ लाख रुपये आले. मुलगा सातवीत आहे. पाच वर्षांनी त्याच्या कॉलेजप्रवेशाला हे पैसे लागणार, तोवर ते कुठेतरी सुरक्षित ठेवायचे आहेत.

पोस्टाचा एजंट दोन योजनांची पत्रकं देऊन गेला. एक मासिक उत्पन्न योजना, म्हणजे एमआयएस: ७.४ टक्के व्याज, दर महिन्याला मिळणारं, पाच वर्षांनी मुद्दल परत. दुसरी राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, म्हणजे एनएससी: ७.७ टक्के व्याज, पण पाच वर्षं हातात काहीच नाही, जे काय ते शेवटी एकदम. हे दोन्ही दर १ एप्रिल २०२३ पासूनचे. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी चालू दर विचारून घ्यायचा. एकदा भरले की त्या खात्याला पाच वर्षं तोच दर राहतो.

अण्णांनी व्यापाऱ्याचा हिशेब केला. शेकडा तीस पैशांचा फरक. २ लाखांवर वर्षाला ६०० रुपये, पाच वर्षांत ३,०००. एमआयएसमध्ये महिना १,२३३ रुपये गल्ल्यात येणार, त्यात दुकानाचं वीजबिल निघेल. पाच वर्षांत ३,००० रुपये कमी मिळाले तरी दर महिन्याला रोख हातात, म्हणजे सौदा वाईट नाही. त्यांनी एमआयएसच्या पत्रकावर खूण केली.

मुलगी बारावी कॉमर्सला. तिने एनएससीचं पत्रक उलटून पाहिलं. मागे छापलं होतं: १,००० रुपयांचे पाच वर्षांनी १,४४९.

“अण्णा, ७७ रुपये वर्षाला, पाच वर्षांचे ३८५. मग १,३८५ व्हायला हवेत ना? वरचे ६४ कुठून आले?”

अण्णांनी तोच गुणाकार पुन्हा केला. ३८५ च आले. छापताना चूक झाली असेल, असं त्यांना वाटलं. चूक नव्हती, आणि एमआयएस की एनएससी याचा निकाल त्या ६४ रुपयांतच होता.

बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर दोघं हिशेब मांडायला बसले. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर हे कोणालाही करता येतं: २००००० गुणिले १.०७७, आलेल्या उत्तराला पुन्हा १.०७७ ने गुणायचं, असं एकूण पाच वेळा. १.०७७ कशासाठी, तर १ म्हणजे आपलं असलेलं सगळं आणि ०.०७७ म्हणजे त्यावरचं वर्षाचं व्याज. पानावर असे आकडे पडले:

पहिलं वर्ष: व्याज १५,४००, जमा २,१५,४००
दुसरं वर्ष: व्याज १६,५८६, जमा २,३१,९८६
तिसरं वर्ष: व्याज १७,८६३, जमा २,४९,८४९
चौथं वर्ष: व्याज १९,२३८, जमा २,६९,०८७
पाचवं वर्ष: व्याज २०,७२०, जमा २,८९,८०७

पहिल्या ओळीत काही नवल नाही. दुसऱ्या ओळीपाशी मुलीने पेन टेकवलं. दर तोच, खातं तेच, तरी व्याज १,१८६ रुपयांनी वाढलं. हे १,१८६ म्हणजे पहिल्या वर्षीच्या १५,४०० रुपयांवरचं ७.७ टक्के व्याज. पहिल्या वर्षीचं व्याज अण्णांच्या हातात आलं नाही, ते मुद्दलात जाऊन बसलं आणि दुसऱ्या वर्षी मुद्दलासारखंच कमवू लागलं. तिसऱ्या वर्षी आधीच्या दोन्ही वर्षांचं व्याज कामाला लागलं. चक्रवाढ म्हणजे एवढंच. ते ६४ रुपये म्हणजे १,००० रुपयांच्या व्याजाने स्वतः कमावलेलं व्याज.

आता अण्णांचा पहिला हिशेब तपासू. एमआयएसचं पाच वर्षांचं व्याज ७४,०००. एनएससीचं ८९,८०७. फरक ३,००० नाही, १५,८०७ आहे. तो फोडून पाहिला तर गंमत कळते. एनएससीने ७.७ टक्के सरळव्याज दिलं असतं तर ७७,००० झाले असते. म्हणजे दर जास्त असल्यामुळे मिळाले फक्त ३,००० आणि व्याजावर व्याज मिळाल्यामुळे आले १२,८०७. योजना निवडताना आपण सगळे शेकडा किती हे पाहतो, पण इथे दराच्या चौपट वजन दुसऱ्याच गोष्टीला होतं.

अण्णांना ही गोष्ट नवी नव्हती, फक्त ती पोस्टात भेटेल असं वाटलं नव्हतं. दुकान ते तसंच चालवत आले आहेत. समजा २०,००० चा माल भरला आणि महिनाअखेर खर्च जाऊन १,००० सुटले. ते घरी नेले तर पुढच्या महिन्यातही २०,००० चाच माल आणि १,००० चाच नफा. तेच मालात घातले तर २१,००० चा माल आणि नफा १,०५०. दुकानं अशीच वाढतात. फरक इतकाच की दुकानाला गावाच्या गिऱ्हाइकाची मर्यादा असते. एका ठरावीक मर्यादेपलीकडे साखरेची पोती वाढवली तर ती गोदामात पडून राहतात. पोस्टातल्या व्याजाला ती अडचण नाही, शेवटचा रुपयाही पहिल्या रुपयाइतकाच कमावतो.

इथवर आल्यावर कोणीही म्हणेल की एनएससी चांगली, एमआयएस वाईट. मुलीने विचारलेला पुढचा प्रश्न म्हणून महत्त्वाचा आहे: एमआयएसचे महिन्याचे १,२३३ रुपये खर्चच केले नाहीत तर?

याची तीन उत्तरं आहेत. पैसे गल्ल्यात गेले तर ते दिवसाच्या विक्रीत मिसळतात आणि पाच वर्षांनी शोधूनही सापडत नाहीत. पोस्टाच्या बचत खात्यात तसेच पडून राहिले तर त्यावर ४ टक्के मिळतात, म्हणजे पाच वर्षांत साधारण सात-साडेसात हजार वरचे. आणि दर महिन्याला पोस्टाच्याच आरडीत, म्हणजे आवर्ती ठेवीत, भरले तर? आरडीचा दर ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के आहे, व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळतं, आणि महिना १०० रुपये भरले तर पाच वर्षांनी सुमारे ७,१३७ रुपये होतात. हप्ता १० च्या पटीत लागतो, म्हणून १,२३० चा धरू. त्याचे होतात ८७,७८०. मुद्दलाचे २ लाख आणि वरचे सुटे ३ रुपये ३३ पैसे साठून झालेले २०० मिळवले की एकूण २,८७,९८०. फक्त पहिलं व्याज एक महिन्याने येत असल्यामुळे आरडीही एमआयएसनंतर एक महिन्याने पुरी होते.

एनएससीचे २,८९,८०७ आणि या जोडीचे २,८७,९८०. पंधरा हजारांचा फरक १,८०० वर आला. म्हणजे चक्रवाढ ही एनएससीच्या कागदात दडलेली काही जादू नव्हे. आलेलं व्याज परत कामाला लागतं की नाही, एवढाच प्रश्न आहे. एनएससीत ते काम पोस्ट करतं, एमआयएसमध्ये आपण करायचं असतं, दर महिन्याला, साठ वेळा, न चुकता. आरडी महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडली असेल तर पुढचे हप्ते १५ तारखेच्या आत भरावे लागतात, नंतर उघडली असेल तर महिनाअखेरच्या आत. हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया जास्तीचा भरावा लागतो आणि चार हप्ते चुकले तर खातं बंद पडतं. लग्नसराईच्या गडबडीत दुकानदाराकडून हे सहज होतं. एनएससीचा खरा फायदा म्हणूनच माणसाच्या विसराळूपणावर आहे, तीस पैशांवर नाही.

या सगळ्यात एक फसवी जागाही आहे. पोस्टाची पाच वर्षांची मुदत ठेव ७.५ टक्के देते आणि तिच्या माहितीत लिहिलेलं असतं की व्याज तिमाही चक्रवाढीने मोजलं जातं. वाचणाऱ्याला वाटतं, एनएससीत वर्षातून एकदा चक्रवाढ, इथे चारदा, म्हणजे ही जास्तच देणार. एका वर्षापुरतं पाहिलं तर दोन्ही सारख्याच आहेत: तिमाही चक्रवाढीने ७.५ चे ७.७१ टक्के होतात. पण त्याच माहितीतलं पुढचं वाक्य वाचायला हवं. व्याज दरवर्षी दिलं जातं, आणि देय झालेलं व्याज काढलं नाही तरी त्यावर आणखी व्याज मिळत नाही. म्हणजे चक्रवाढ फक्त बारा महिन्यांच्या आत. वर्ष संपलं की चाक थांबतं आणि पुन्हा मुळच्या २ लाखांपासून सुरू होतं. वर्षाला १५,४२७ प्रमाणे पाच वर्षांचे ७७,१३६ होतात. चक्रवाढ हा शब्द कागदावर असूनही एनएससीपेक्षा साडेबारा हजारांनी कमी. त्यामुळे कुठल्याही योजनेबद्दल दर विचारून झाला की पुढचा प्रश्न असा विचारावा: “मी मध्ये काहीच काढलं नाही, तर शेवटच्या दिवशी हातात एकूण किती?” तो एकच आकडा दोन योजनांना एका तराजूत घालतो.

पाच वर्षांत १२,८०७ ही काही डोळे दिपवणारी रक्कम नाही. मुलीने कॅल्क्युलेटर पुढे चालवला तेव्हा अण्णा सरसावून बसले. दर पाच वर्षांनी आलेली सगळी रक्कम परत एनएससीत टाकली आणि दर ७.७ च राहिला असं धरलं, तर २ लाखांचे दहा वर्षांनी ४,१९,९४० होतात. सरळव्याजाने ३,५४,००० झाले असते, फरक सुमारे ६६,०००. पंधरा वर्षांनी ६,०८,५०७, फरक पावणेदोन लाखांवर. वीस वर्षांनी ८,८१,७४७, आणि सरळव्याजाचे फक्त ५,०८,०००. शेवटच्या पाच वर्षांतच २,७३,००० ची भर पडते, म्हणजे मूळ भरलेल्या रकमेपेक्षा जास्त. पहिली पाच वर्षं झाड मुळं धरतं तसं वरून काही दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक पैसे मोडतात. दर मात्र वीस वर्षं तोच राहील असं कोणी समजू नये. याच एनएससीचा दर २०२२ मध्ये ६.८ टक्के होता.

पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील हे तोंडी काढायचं असेल तर ७२ ला दराने भागावं. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षं, म्हणजे ११५ महिने आणि काही दिवस. पोस्टाच्या किसान विकास पत्राचा दर ७.५ टक्के आहे आणि त्यावर दुप्पट व्हायची मुदत छापलेली असते ती बरोबर ११५ महिने. हाच भागाकार उलटाही चालतो. बाजारात कोणी “पाच वर्षांत दामदुप्पट” म्हणाला की ७२ ला ५ ने भागायचं: १४.४ टक्के. सरकारी योजना साडेसात-पावणेआठ देत असताना हा माणूस त्याच्या जवळपास दुप्पट कुठून देणार, हे त्याला विचारायचं आणि उत्तर पटलं नाही तर पैसे खिशातून बाहेर काढायचे नाहीत.

दामदुप्पट हा शब्द मुळात उलट्या बाजूचा आहे. हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता: सावकाराला एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येणार नाही. जुन्या मुंबई इलाख्यात न्यायालयंही तो लावत. व्याजावर व्याज चढत गेलं की कर्जदाराचं काय होतं हे माहीत असल्याशिवाय असा नियम कोणी केला नसता.

आणि इथेच अण्णांचा निर्णय बदलला. कारण उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक नोंद होती जी दोघांनीही मघापासून हिशेबात धरली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात शीतपेयांचा फ्रिज घ्यायला बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाकडून ४०,००० घेतले होते, शेकडा दोन रुपयांनी. शेकडा दोन हे ऐकायला ७.७ पेक्षा लहान वाटतं, पण ते महिन्याचं असतं. महिना ८०० रुपये, वर्षाला ९,६००, म्हणजे २४ टक्के. आणि एखाद्या महिन्याचं व्याज थकून मुद्दलात धरलं जाऊ लागलं की तेच वर्षाला जवळजवळ २७ टक्के होतं. एनएससीत त्याच ४०,००० वर पहिल्या वर्षी ३,०८० मिळणार. एका हाताने ९,६०० द्यायचे आणि दुसऱ्या हाताने ३,०८० घ्यायचे, याला बचत म्हणता येत नाही.

अण्णांनी आधी ते ४०,००० फेडले आणि चिठ्ठी फाडून घेतली. उरलेले १,६०,००० एनएससीत टाकले, पण एका खात्यात नाही, ४०,००० ची चार खाती करून. याला कारण आहे. एनएससी पाच वर्षांच्या आत मोडता येत नाही, खातेदाराचा मृत्यू किंवा न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या वेळा सोडून. एमआयएस एक वर्षानंतर मोडता येते, तीन वर्षांच्या आत मोडली तर मुद्दलातून २ टक्के आणि नंतर १ टक्का कापून. एनएससीत अडचणीला मार्ग एकच, खातं बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढणं. खाती वेगळी असली की गरजेपुरतं एकच अडकतं, बाकीची मोकळी राहतात. चारही खात्यांवर वारसाचं नाव त्याच दिवशी लावून घेतलं. एनएससीचं व्याज हातात आलं नाही तरी दरवर्षीचं उत्पन्न म्हणून करपात्र धरलं जातं. जुन्या करपद्धतीत असणाऱ्यांना भरलेल्या रकमेवर आणि पहिल्या चार वर्षांच्या व्याजावरही वजावट घेता येते, नव्या पद्धतीत ती नाही. विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदाराने हे व्याज दरवर्षी दाखवत जावं. पाच वर्षांचं एकदम दाखवलं तर एकाच वर्षी मोठा आकडा दिसतो.

आणि महिन्याचे ८०० रुपये, जे सावकाराकडे जात होते, त्यांची आरडी उघडली. ते पैसे तसेही दुकानातून बाहेर जातच होते, त्यामुळे गल्ल्याला वेगळा ताण नाही. अण्णांनी बिलबुकाच्या त्याच पानावर शेवटची बेरीज मांडली. १,६०,००० च्या एनएससीचे पाच वर्षांनी २,३१,८४५. आरडीचे ५७,०९३. एकूण २,८८,९३८. सगळे २ लाख एनएससीत टाकले असते तर २,८९,८०७ आले असते, पण तोवर ४८,००० व्याजापोटी गेले असते आणि ४०,००० चं देणं तसंच उभं राहिलं असतं. मुलीने त्या पानाचा फोटो काढून ठेवला आणि अण्णांनी फ्रिजची नोंद वहीतून लाल पेनाने खोडली.